बेसनाचे लाडू: पीठ मंद आचेवर कसं भाजायचं आणि झालं हे वासावरून कसं ओळखायचं

अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप आणि मंद आचेवर साधारण पाऊण तास. बेसनाच्या लाडवांचं खरं काम एवढंच. साखर मिसळणं, वेलची घालणं, लाडू वळणं ही पुढची कामं पहिल्यांदा करणाऱ्यालाही जमतात. घोडं अडतं ते भाजण्यापाशी. कृतीत ‘मंद आचेवर खमंग भाजून घ्या’ असं अर्ध्या ओळीत उरकलेलं असतं. कढईसमोर उभं राहिल्यावर मात्र दर पाच मिनिटांनी वाटतं, झालं असेल का आता? घाई केली तर लाडू टाळूला चिकटतो आणि घशात तोठरा बसतो. अति सावधपणे भाजत राहिलात तर करपट चव येते. या दोन्हींच्या मधला टप्पा ओळखायला शिकायचं आहे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत भाड्याच्या फ्लॅटमध्ये, दोन शेगड्यांच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा लाडू करणारं कुणी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितेय.

काय काय लागेल

- रवाळ बेसन: ५०० ग्रॅम
- साजूक तूप: २५० ग्रॅम, त्यातलं थोडं शेवटपर्यंत हाताशी ठेवायचं
- पिठीसाखर: ३५० ते ४०० ग्रॅम
- वेलदोडे ८-१०, आवडत असेल तर थोडं जायफळ
- दूध किंवा पाणी: एक-दोन चमचे, शेवटच्या हबक्यासाठी
- बेदाणे किंवा काजूचे तुकडे, हवे असतील तर
- जाड बुडाची मोठी कढई, सपाट धारेचं लाकडी उलथनं, परात, चाळणी
- एक पांढरी ताटली (ती कशाला, ते पुढे येईलच)

वजनकाटा नसेल तर चार वाट्या बेसनाला एक ते सव्वा वाटी पातळ केलेलं तूप आणि दोन ते अडीच वाट्या पिठीसाखर घ्या. वाटी सगळ्याला एकच हवी. एवढ्या साहित्यात मध्यम आकाराचे पंचवीस-सत्तावीस लाडू होतात.

१. पीठ आणायचं ते लाडवाचंच

भजीला वापरतो ते बारीक बेसन लाडवाला चालतं, पण त्याचा लाडू चिकट होतो आणि नवख्याच्या हातून ते पटकन लागतं. दुकानात ‘लाडू बेसन’ किंवा ‘जाड बेसन’ म्हणून मागा. पाकिटाच्या मागे घटकपदार्थ वाचा. तिथे फक्त चणाडाळ लिहिलेली हवी. स्वस्त बेसनात वाटाण्याच्या डाळीचं पीठ मिसळलेलं असू शकतं आणि मग कितीही भाजलं तरी हवा तो वास येत नाही.

त्याहून चांगलं म्हणजे डाळ आणून गिरणीतून दळून घेणं. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात सुटी चणाडाळ मिळते, आणि नवी मुंबईत बहुतेक सेक्टरांतल्या दुकानांच्या रांगेत एखादी तरी चक्की सापडते. डाळ धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा आणि कढईत पाच-सात मिनिटं नुसती गरम करून गार होऊ द्या. रंग बदलायला नको, आपल्याकडच्या दमट हवेत तिने धरलेला ओलावा तेवढा जायला हवा. गिरणीवाल्याला ‘लाडवासाठी, जरा रवाळ’ असं सांगितलं की पुरे. आणखी एक सांगा: आधी कुणाची तरी डाळच दळलेली असेल तेव्हा माझी घाला. गव्हाच्या पाठोपाठ घातली तर जात्यात अडकलेली कणीक तुमच्या पिठात येते. दळून आणलेलं पीठ गरम असतं. घरी आल्यावर डबा उघडा ठेवून ते गार होऊ द्या, नाहीतर झाकणाला आतून पाणी सुटतं.

भाजायला घेण्याआधी पीठ चाळून घ्या, पण जाळी फार बारीक नको. गुठळ्या मोडायच्या आहेत, रवा वेगळा काढायचा नाही.

२. कढई आणि आच

कढई एवढी मोठी घ्या की सगळं पीठ घातल्यावर ती निम्म्याहून कमीच भरेल. शेवटी पीठ फसफसून वर येतं, त्याला जागा लागते. जाड ॲल्युमिनियमची कढई उत्तम. लोखंडी कढई चालते, पण ती गॅस बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणून तिच्यात भाजलेलं पीठ लगेच परातीत काढावं लागतं. पातळ स्टीलचं पातेलं या कामाला घेऊच नका.

कढई लहान शेगडीवर ठेवा आणि ज्योत बारीक करा. मंद आच म्हणजे ज्योत कढईच्या बुडाच्या मध्यातच राहते, कडेने वर चढत नाही. कढईवरून हात फिरवला तर ऊब लागते, चटका बसत नाही. पाइप गॅसच्या काही शेगड्यांची नॉब पूर्ण बारीक केली तरी ज्योत मोठीच राहते. तसं असेल तर कढईखाली जुना जाड तवा ठेवा.

पंखा बंद करावा लागतो, कारण वाऱ्याने बारीक ज्योत हलते, कधी विझतेही. दिवाळीच्या आधीच्या त्या उकाड्यात पाऊण तास पंख्याशिवाय उभं राहणं ही या कृतीतली सर्वांत कठीण गोष्ट आहे. भाजण्यापेक्षाही. सकाळी लवकर बसा.

इंडक्शनवर करणार असाल तर एक लक्षात ठेवा. कमी सेटिंगवर बरीच इंडक्शन सलग मंद तापत नाहीत, थोडा वेळ जोरात तापतात आणि थोडा वेळ बंद होतात. त्या जोराच्या क्षणी तळाचं पीठ लागतं. कढई सपाट, जाड बुडाची हवी आणि हात एक क्षणही थांबायला नको.

आच मोठी करून वेळ का वाचवता येत नाही? रवाळ पिठाचा प्रत्येक कण आतपर्यंत भाजला जायला वेळ लागतो. मोठ्या आचेवर कणाचा बाहेरचा भाग लालसर होतो आणि आत डाळ कच्चीच राहते. अशा पिठाचा रंग सुंदर दिसतो आणि लाडू टाळूला चिकटतो. रंगावर भरवसा ठेवणारे इथेच फसतात.

३. तूप घालण्याचा क्रम

सगळं तूप एकदम ओतू नका. पाव किलोपैकी दीडशे ग्रॅमच्या आसपास तूप कढईत मंद आचेवर वितळवा आणि त्यात सगळं बेसन घाला. ते कोरडं, जड, गोळ्यागोळ्यांचं दिसेल. इथे घाबरून आणखी तूप घालायचा मोह होतो. थांबा. पीठ भाजत जाईल तसं तेच तूप पुन्हा मोकळं होतं आणि सुरुवातीला कमी वाटलेलं शेवटी जास्त ठरतं. उरलेलं तूप दहाव्या मिनिटानंतर चमचा-चमचा करत घालायचं, आणि दोन मोठे चमचे शेवटपर्यंत बाजूला ठेवायचे. गिरणीचं रवाळ पीठ असेल तर ते दोन चमचे कित्येकदा लागतच नाहीत.

४. ढवळायचं कसं आणि किती

सलग. फोन आला तर स्पीकरवर बोला, दाराची बेल वाजली तर घरातल्या दुसऱ्या कुणाला पाठवा. घरात एकटेच असाल तर गॅस बंद करून जा, दोन मिनिटांच्या खंडाने काही बिघडत नाही. चालू गॅसवर एक मिनिट सोडलेलं पीठ मात्र तळाला लागतं, आणि तो करपट वास सगळ्या घाण्यात उतरतो.

उलथन्याची सपाट धार कढईच्या बुडाला टेकवून पुढे ढकला, पीठ खालून वर उलटा, मग कडेने एक फेरी मारा. नुसतं मधे गोल-गोल फिरवलं तर कडेचं पीठ कच्चं राहतं आणि बुडाचं जास्त भाजतं. गुठळी दिसली की कढईच्या कडेवर दाबून मोडा. पहिली वीस मिनिटं हाताला जड जातात. हात बदला, पण थांबू नका.

५. अर्ध्या किलोचा घाणा, मिनिटांच्या हिशेबाने

जाड ॲल्युमिनियमची कढई, लहान शेगडी आणि ५०० ग्रॅम रवाळ बेसन, असं धरून सांगते. तुमच्याकडे पाच-सात मिनिटं इकडेतिकडे होतील. बारीक पीठ असेल तर आधी होईल. घड्याळ फक्त कुठे आहोत ते कळायला आहे. झालं का, हे ठरवायचं ते वासाने, हाताने आणि जिभेने.

पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. पीठ जड, रंग जसाच्या तसा. वास कच्च्या डाळीचा, थोडा हिरवट, थोडा ओलसर. वरून हलकी वाफ निघते. पिठातलं पाणी जातंय.

दहा ते वीस मिनिटं सगळ्यांत जड. चमचा-चमचा तूप पोटात जातं आणि पीठ एका चिकट गोळ्यासारखं उलथन्याबरोबर फिरतं. हिरवट वास कमी होतो, पण त्याच्या जागी दुसरा अजून आलेला नसतो. या मधल्या काळात बरेच जण कंटाळून आच वाढवतात.

वीस ते तीसच्या दरम्यान हाताला फरक कळतो. उलथनं हलकं चालायला लागतं. गोळा सैल होऊन पसरतो, पृष्ठभागावर चकाकी येते. पाणी बरंचसं गेलेलं असतं आणि प्रत्येक कण तुपात मोकळा होत असतो, म्हणून तेवढ्याच तुपात पीठ पातळ वाटायला लागतं. इथे पहिल्यांदा भाजक्या डाळीचा वास येतो, ताज्या फुटाण्यांचा येतो तसा. छान वास आहे. पण पीठ झालेलं नाही. पहिल्यांदा करणारे बहुतेक जण गॅस बंद करतात तो इथेच, आणि म्हणूनच इतक्या घरचे लाडू चिकटतात.

तीस ते चाळीस मिनिटं खरी मोलाची. पीठ इडलीच्या पिठाइतकं सैल होतं, कडेला तूप सुटलेलं दिसतं, बारीक बुडबुडे येतात. फुटाण्याचा कोरडा वास गोडसर, दाट व्हायला लागतो. तूप आणि डाळ असे दोन वेगळे वास राहत नाहीत, मिळून एकच वास येतो. तो कढईवर वाकून शोधावा लागत नाही, बाहेरच्या खोलीत जाऊन बसतो. रंग पिवळ्याकडून बदामीकडे सरकतो. हा वास आला की आणखी दोन-तीन मिनिटं ढवळा आणि गॅस बंद करा.

याच्या पुढचा टप्पा पटकन येतो. गोडसर वासाला आधी कॉफीसारखी कडवट धार चढते, मग करपट. ती धार जाणवली की विचार करत बसू नका, कढई उतरवा आणि पीठ लगेच परातीत ओता.

६. नाक थकतं, त्याची सोय

अर्धा तास कढईवर उभं राहिलं की नाकाला तो वास जाणवेनासा होतो. सवय होते. पीठ खमंग झालेलं असतं आणि भाजणाऱ्यालाच ते कळत नाही, म्हणून तो आणखी दहा मिनिटं भाजतो. यावर तीन उपाय आहेत.

पहिला, चिमणी आणि एक्झॉस्ट पंखा शेवटच्या पंधरा मिनिटांत बंद ठेवा. नव्या फ्लॅटमधली चिमणी तुमच्या नाकापर्यंत पोहोचण्याआधीच वास ओढून घेते. मग कढईत काय चाललंय याचा पत्ताच लागत नाही.

दुसरा, पंचविसाव्या आणि पस्तिसाव्या मिनिटाच्या सुमाराला गॅस बंद करून बाल्कनीत किंवा जिन्यात जा, मिनिटभर बाहेरची हवा घ्या आणि परत या. दारातून आत येतानाचा पहिला श्वास खरा. घरात दुसरं कुणी असेल तर त्यालाच आतल्या खोलीतून बोलवा. पण ‘झालं का?’ असं विचारू नका, लोक ‘हो’ म्हणून मोकळे होतात. ‘कसला वास येतोय?’ असं विचारा. ‘डाळीचा’ असं उत्तर आलं तर अजून वेळ आहे. ‘लाडवाचा’ आलं तर गॅसजवळच राहा.

तिसरा उपाय ताटलीचा, आणि नवख्यांना मी तोच सर्वांत आधी सांगते. पांढऱ्या ताटलीत चिमूटभर कच्चं बेसन ठेवा. मग दहाव्या, विसाव्या, तिसाव्या मिनिटाला आणि पुढे दर चार-पाच मिनिटांनी अर्धा चमचा पीठ काढून त्याच्या शेजारी ओळीने मांडत जा. कढईतला रंग दिव्याच्या उजेडात फसवतो. पिवळ्या बल्बखाली कच्चं पीठही भाजलेलं दिसतं. शेजारी-शेजारी ठेवल्यावर फरक लगेच उमटतो. प्रत्येक नमुना गार झाला की जिभेवर ठेवून टाळूला दाबा. विसाव्या मिनिटाचा टाळूला लेपासारखा बसेल आणि कच्चट लागेल. तिसाव्याचा थोडा बसेल. झालेल्याचा रवाळपणा जिभेवर कळतो आणि तो चिकटून न बसता विरघळतो. गरम नमुना चाखू नका. जीभ तर भाजतेच, शिवाय गरम पिठाचा चिकटपणा कळत नाही.

पुढच्या वेळी ही ताटली लागणार नाही.

७. गॅस बंद केल्यावर: हबका

गॅस बंद झाला तरी कढई तापलेलीच असते आणि पीठ भाजत राहतं. पुढची चार-पाच मिनिटं ढवळणं चालूच ठेवा. म्हणूनच तुम्हाला हव्या असलेल्या रंगाच्या किंचित अलीकडे गॅस बंद करायचा.

त्याच वेळी एक-दोन चमचे दूध किंवा पाणी बोटांनी शिंपडा, सगळं एका जागी नको. पीठ फसफसून वर येतं आणि गरम वाफ उठते, तेव्हा तोंड आणि मनगट कढईपासून लांब ठेवा. मुलांना बाजूला करा. ढवळत राहिलं की फेस बसतो आणि पीठ जरा दाणेदार होतं, कारण ओल लागलेले बारीक कण एकमेकांना धरतात. बारीक बेसन असेल तर हा हबका माराच. गिरणीचं रवाळ पीठ असेल तर नाही मारला तरी चालतो. दुधाने चव थोडी खव्याकडे जाते, पण लाडू कमी टिकतात. आपल्याकडची हवा पाहता मी पाणीच वापरते. फेस पूर्ण बसेपर्यंत ढवळा, आत ओल राहिली तर लाडवांना वास येतो.

आता सगळं परातीत पसरा.

८. साखर घालण्याआधी एकदा थांबा

साखर पडली की परतीचा रस्ता बंद होतो. पीठ कमी भाजलंय हे साखर घातल्यावर लक्षात आलं, तर ते पुन्हा गॅसवर चढवता येत नाही, साखर आधी वितळते आणि मग जळते. म्हणून परातीतलं पीठ कोमट झालं की पुन्हा एकदा चाखा. टाळूला चिकटतंय असं वाटलं तर परत कढईत घालून मंद आचेवर पाच-सात मिनिटं भाजा. गार झालेलं पीठ पुन्हा भाजल्याने काही बिघडत नाही.

पीठ बोट सहज बुडवता येईल एवढं कोमट झालं की पिठीसाखर चाळून, थोडी-थोडी घाला. आधी तीनशे ग्रॅम मिसळा, चव बघा, मग वाढवा. पीठ गरम असताना साखर घातली तर ती पाघळते, मिश्रण सैल होतं आणि वळलेले लाडू ताटात बसके होतात. वेलची-जायफळाची पूडही आत्ताच, कोमट पिठातच घाला. कढईत घातली तर तिचा वास उडून जातो. मिश्रण हाताने चांगलं मळा, झाकून तासभर ठेवा आणि मग लाडू वळा.

९. काही बिघडलंच तर

मिश्रण फार सैल असेल तर आधी नुसतं थांबा. तूप गोठायला वेळ लागतो, उकाड्यात जास्तच. वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पाहा. तरीही सैलच राहिलं तर दोन-तीन चमचे बेसन वेगळं कोरडं, नीट भाजून, गार करून त्यात मिसळा. कच्चं बेसन किंवा दूध पावडर घालून घट्ट करू नका, सगळ्या भाजण्यावर पाणी पडेल.

मिश्रण कोरडं होऊन लाडू फुटत असतील तर बाजूला ठेवलेल्या तुपातला एक चमचा कोमट करून घाला, मळा, पुन्हा वळून बघा. एका वेळी एकच चमचा.

भाजताना तळाला लागल्याची शंका आली तर बूड खरवडू नका. वरचं पीठ दुसऱ्या भांड्यात काढा आणि तिथे पुढे भाजा. काळे कण थोडेच असतील तर पीठ वाचतं. सगळ्या घाण्याला करपट वास लागला असेल तर साखर आणि वेलची वाढवून तो झाकत नाही. ते पीठ सोडून द्या, साखर तरी वाचेल.

एक किलोचा घाणा पहिल्याच वेळी एकदम घेऊ नका. घरच्या कढईत एवढं पीठ नीट उलटत नाही आणि वेळही दुपटीच्या आसपास जातो. अर्ध्या किलोचे दोन घाणे करा. दुसरा घेताना कढई पुसून घ्या, पहिल्याचे बुडाला चिकटलेले कण दुसऱ्यात करपतात.

१०. डब्यात भरताना

लाडू ताटात पूर्ण गार आणि घट्ट होऊ द्या, मग कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पाण्याचा हबका मारलेले किंवा हबक्याशिवायचे लाडू फ्रिजबाहेर दोन आठवडे चांगले राहतात. दुधाचे असतील तर आठ-दहा दिवसांत संपवा. फ्रिजमध्ये ठेवलेले लाडू खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा. गार असताना तूप घट्ट असतं आणि चव लागत नाही.